कानाने पाहायची बाग

राणीच्या बागेत झाडे पाहायला म्हणून कोणी जात नाही. लहानपणी आपण वडिलांचे बोट धरून गेलो ते हत्ती पाहायला. आता नातवंडे आपले बोट धरून नेतात ती पेंग्विन पाहायला. एका पिंजऱ्याकडून दुसऱ्या पिंजऱ्याकडे जाताना मध्ये जे काही उभे असते त्याला आपण सावली म्हणतो, आणि तिच्यात बसून घरून आणलेला डबा सोडतो. वास्तविक १८६२ साली भायखळ्याची ही बाग लोकांना खुली झाली ती वनस्पतींची बाग म्हणून; प्राणी नंतर आले. व्हिक्टोरिया राणीचे नाव जाऊन वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आले, तरी मुंबईकराच्या तोंडी ती ‘राणीची बाग’च राहिली, आणि झाडेही आपल्या जागी राहिली. आफ्रिकेतली गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती, ब्रह्मदेशातली उर्वशी अशी दूरदूरची मंडळी एका आवारात नांदत आहेत. फक्त त्यांची ओळख करून देणारे कोणी नाही.

ओळख करून देण्याचा उत्तम मार्ग म्हणजे जाणता माणूस बरोबर असणे. पण असा माणूस रोज कोठून आणावा? म्हणून आम्ही चार-पाच वृक्षवेड्या मित्रांनी एक बेत केला. झाडापाशी क्रमांकाची छोटी पाटी असावी, येणाऱ्याने आपल्या मोबाइलवर तो क्रमांक दाबावा आणि कानात एक आवाज बोलू लागावा. कल्पना नवी नाही. १९५२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात पाहुण्यांच्या कानाशी लहान रेडिओ लावून चित्रांची माहिती ऐकवली गेली होती. तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी एकच वाक्य ऐकू येई, त्यामुळे सगळा घोळका एकदमच एका चित्रावरून दुसऱ्याकडे वळे. आता ज्याचे यंत्र त्याच्या खिशात. मग बोलायचे काय, ते लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले.

दोन संध्याकाळी बसलो की झाले, असे वाटले होते. प्रत्यक्षात वर्ष गेले. कारण चित्र आणि झाड यांत एक फरक आहे. भिंतीवरचे चित्र जानेवारीत जसे असते तसेच ऑगस्टमध्येही असते. झाडाचे तसे नाही. ‘आता मान वर करा, पिवळ्याधमक फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबताना दिसतील,’ हे वाक्य बहाव्याखाली मे महिन्यात ऐकले तर माणूस खूष होतो. तेच सप्टेंबरमध्ये ऐकले, तर तो मान वर करतो, हिरवा पाला पाहतो, पाटीवरचा क्रमांक पुन्हा तपासतो, बायकोला विचारतो आणि शेवटी कानातले काढून खिशात टाकतो. एकदा खोटा ठरलेला आवाज पुढच्या दहा झाडांपाशी कितीही खरे बोलला तरी कोणी ऐकत नाही. बागेसाठी लिहिणाऱ्याची सगळी परीक्षा येथे आहे: वर्षाच्या कोणत्याही दिवशी खोटे पडणार नाही असे काय सांगता येईल?

मी बहाव्यालाच पकडून बसलो. पहिल्यांदा फुलांची सगळी वाक्ये काढून टाकली आणि उरलेल्या झाडाकडे पाहिले. खोड बारमाही. शेंगा जवळजवळ बारमाही, कारण बहाव्याची शेंग पिकायला इतका वेळ लागतो की नव्या वर्षाची फुले आली तरी गेल्या वर्षाच्या काळ्या शेंगा वर लटकतच असतात. जमिनीवरही काही ना काही पडलेले असतेच. तेव्हा क्रम असा ठरला: आधी ऐकणाऱ्याचे पाय नीट उभे करायचे, मग खोड, मग जमीन, मग वर. फूल सर्वांत शेवटी, आणि तेही वेगळ्या तुकड्यात. मुख्य भाग असा झाला:

‘पाटीजवळ उभे राहा. समोर बहावा आहे. फार मोठे झाड नाही, दुमजली घराएवढे. खोडाला हात लावून पाहा. कोवळे खोड गुळगुळीत आणि राखाडी असते, वय वाढले की ते खडबडीत आणि तपकिरी होते. हा म्हातारा की तरुण, तुम्हीच ठरवा. आता पायाशी पाहा. काळी, गोल, रुळासारखी शेंग पडली आहे का? नसली तर फांद्यांकडे पाहा. हातभर लांबीची, सरळ लोंबणारी. शेंग सापडली तर हलवा. पिकून वाळलेली असेल तर आत बिया खुळखुळतात. आतून ती एखाद्या चाळीसारखी आहे: ओळीने खोल्या, मध्ये पातळ भिंती आणि प्रत्येक खोलीत एकेक बी. बियांभोवतीचा काळा गर वैद्य सारक म्हणून देतात. पण वैद्य देतात, आपण चाखून पाहायचा नाही.’

हा मजकूर सावकाश वाचला तर मिनिटभरात संपतो. बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द ठेवावा. बातम्यांच्या वेगाने बोलले तर डोळे मागे राहतात. आणि एका झाडाखाली दीड मिनिटाच्या वर कोणी उभे राहत नाही, बरोबर लहान मूल असेल तर मुळीच नाही.

उरला ऋतूचा भाग. त्यासाठी वीस सेकंदांचे शेपूट वेगळे ध्वनिमुद्रित करायचे आणि दर दोन महिन्यांनी बदलायचे. येथे आपले जुने पंचांग फार उपयोगी पडले. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन मोठे तुकडे झाडाला पुरत नाहीत. सहा ऋतू बरोबर बसतात. मुंबईत शिशिर म्हणजे पंखा एकावर ठेवायचे दिवस, हे खरे. पण झाडाला तेवढेही कळते. बहाव्याची सहा शेपटे लिहिताना वर्ष डोळ्यांसमोरून गेले. शिशिरात शेंगा काळ्याभोर आणि पाला विरळ होऊ लागलेला. वसंतात झाड जवळजवळ उघडे पडते आणि त्याच उघड्या फांद्यांवर पिवळे घोस उतरतात. ग्रीष्मात फुले झडता झडता तांबूस कोवळी पाने येतात. वर्षा ऋतूत नुसता हिरवा पाला, आणि नीट शोधले तर पेन्सिलीएवढ्या बारीक हिरव्या शेंगा. शरदात त्या वाढलेल्या, पण अजून हिरव्या. हेमंतात रंग काळवंडू लागलेला.

तरीही झाड पंचांग वाचत नाही. एखादा बहावा दिवाळीच्या सुमारास मध्येच चार घोस काढून बसतो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन बहाव्यांत एक फुललेला आणि दुसरा कोरडा, हे तर नेहमीचेच. म्हणून शेपटातही ‘दिसेल’ असे छातीठोक म्हणायचे नाही. ‘या दिवसांत बहुधा फुले असतात. दिसली का? नसतील तर कळ्या शोधा. लोंबणाऱ्या दोऱ्याला ओवलेल्या मण्यांसारख्या असतात.’ असे विचारले की माणूस शोधू लागतो, आणि जे नाही त्याबद्दल रागावत नाही. बहावा फुलल्यावर दीड महिन्याने पाऊस येतो अशी खेड्यापाड्यांत समजूत आहे. तीही वसंताच्या शेपटात घातली आहे, मात्र ‘लोक म्हणतात’ एवढे जोडून.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण आली. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते. कागदावर ते शोभते; कानात मात्र घोटाळा करते. मी पहिल्यांदा लिहिले होते: ‘कमरेएवढ्या उंचीवर खोडातून फुटलेल्या दोरखंडासारख्या काटक्यांवर लागलेली गुलाबी फुले पाहा.’ वाक्य व्याकरणाने निर्दोष. परंतु ‘पाहा’ येईपर्यंत ऐकणाऱ्याला आपण काय करायचे आहे तेच कळत नाही, आणि कळते तेव्हा ‘कमरेएवढी उंची’ विसरलेली असते. आता ते असे आहे: ‘खोडाकडे पाहा. कमरेएवढ्या उंचीवर. दोरखंडासारख्या काटक्या दिसतात? त्यांच्यावर फुले आहेत.’ आधी डोळा कुठे न्यायचा ते, मग तेथे काय आहे ते. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ हे शब्दही तोंड कुठे करायचे ते सांगितल्याशिवाय वापरायचे नाहीत. नवरा-बायको एकमेकांकडे तोंड करून उभी असली, तर दोघांच्या डाव्या बाजू वेगळ्या.

ते दोरखंडवाले झाड म्हणजे कैलासपती. ध्वनिवाटेवरचे हे सर्वांत भरवशाचे झाड, कारण वर्षातल्या बहुतेक दिवसांत त्याच्यावर थोडी तरी फुले असतातच, आणि ती उंच शेंड्यावर नसून खोडावर, डोळ्यांसमोर असतात. फुलाच्या मध्याशी एक पांढरट चकती असते आणि तिच्यावर एका बाजूने वळून आलेला गुलाबी-पिवळा पडदा. शिवलिंगावर नागाने फणा धरावा तसे दिसते, म्हणून भाविकांनी त्याला कैलासपती म्हटले आणि देवळांच्या आवारांत आवर्जून लावले. झाड मूळचे दक्षिण अमेरिकेचे. हे सांगितले तर कोणाच्या मनाला लागेल का, याचा आम्ही पुष्कळ खल केला. शेवटी लिहिले: ‘झाड सातासमुद्रांपलीकडून आले, नाव आणि पूजा येथे मिळाली.’ आतापर्यंत कोणी रागावलेले नाही.

त्या फण्याची खरी हकीकत तर फारच मजेची आहे. फण्यावरचे पराग म्हणजे पाहुण्यासाठी काढून ठेवलेला फराळ. त्यातून बी धरत नाही. भुंगा तो फराळ खायला फणा आणि चकती यांच्या मधल्या फटीत शिरतो. त्याचे तोंड वर फण्याकडे आणि पाठ खाली चकतीकडे असते, आणि चकतीभोवती पुंकेसरांचे जे दुसरे कडे असते त्यातले खरे पराग त्याच्या पाठीला माखतात. पोट भरून तो पुढच्या फुलात जातो आणि पाठीवरचे ओझे नकळत तेथे पोचवतो. मुलांना हे सांगितले की ती भुंग्याची वाट पाहत उभी राहतात, आणि सकाळच्या वेळी तो बहुधा येतोही.

या झाडापाशी मात्र पाटी बुंध्याजवळ लावायची नाही. लांब, फळांच्या टप्प्याबाहेर लावायची. कैलासपतीचे फळ तोफेच्या गोळ्यासारखे गोल आणि जड असते. इंग्रजांनी त्याचे नावच तसे ठेवले. ते केव्हा गळेल याला नेम नाही. म्हणून या थांब्याचे पहिले वाक्य सौंदर्याचे नाही: ‘पाटीपाशीच थांबा, फांद्यांखाली जाऊ नका.’ मग एखादे पडलेले फूल हाती घेऊन वास घ्यायला सांगितले आहे. वास सुरेख असतो. फुटलेल्या फळाचा वास मात्र घेण्याची सूचना दिलेली नाही. तो आपण होऊन येतो. वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा हे झाड सगळी पाने झाडून मोकळे होते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा हिरवे होते. नेमके त्या दिवसांत आलेला पाहुणा ‘झाड वाळले वाटते’ असे म्हणत पुढे जातो, म्हणून तेही एका वाक्यात सांगावे लागते.

गोरखचिंचेपाशी अडचण उलटी होती. तिचे फूल पाहुण्याला नीट दिसण्याची शक्यताच कमी. पावसाच्या तोंडाला ती फुलते. फूल पांढरे, ओंजळीएवढे, लांब देठावर उलटे लोंबणारे. ते उमलते संध्याकाळ झाल्यावर, वटवाघळांसाठी, आणि दुसऱ्या दिवशी मलूल होऊन खाली येते. जे डोळ्यांना दिसणार नाही ते सांगावे की नाही? मला वाटते, कानात बोलण्याचा खरा उपयोग येथेच आहे. चित्रफलकावर लिहिले तर ती माहिती होते. कानात हळू सांगितले तर गोष्ट होते. वर्षा ऋतूचे शेपूट असे आहे:

‘पायाशी तपकिरी पडलेले, मऊ फूल दिसते का? काल तुम्ही घरी जेवायला बसला होता तेव्हा ते येथे, तुमच्या डोक्यावर, पांढरेशुभ्र उमलले होते. अंधारात वटवाघूळ आले, मध प्याले, तोंडाला पराग लावून गेले. रात्र संपली. फुलाचे कामही संपले.’

यानंतर सहा सेकंद काहीच नाही. ही सहा सेकंदे आम्हाला एका मावशींनी दिली. पहिले ध्वनिमुद्रण तयार झाल्यावर शेजारच्या एका मावशींना आणि त्यांच्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन गेलो. ऐकणाऱ्यांना ‘आवडले का’ असे विचारायचे नसते. लोक भिडेखातर ‘छान’ म्हणतात. नुसते चार पावले मागे उभे राहून त्यांचे डोळे कोठे जातात ते पाहायचे. आवाज शेंगांबद्दल बोलत असताना मुलगा अजून खोडावरच्या मुंग्या पाहत होता. मावशी तर मध्येच यंत्राला म्हणाल्या, “अहो, जरा थांबा की! मला बघू तरी द्या.” घरी येऊन प्रत्येक ‘पाहा’नंतर जागा मोकळी सोडली. एक मित्र म्हणाला, त्या जागेत सतार घालू. नको म्हटले. त्या जागेत कावळे बोलतात, पानांची सळसळ येते, आणि कोणी तरी मुलाला हाक मारते. बागेत ते पुरते.

गोरखचिंचेखालचे दुसरे शेपूट कोरड्या दिवसांचे. पाने गळून गेल्यावर हे हत्तीच्या कातडीचे अवजड धूड असे उघडे उभे असते की पाहुणे ‘मेले का हो?’ असेच विचारतात. तेव्हा सांगायचे, की झाड जिवंत आहे. त्याचे लाकूड मऊ, स्पंजासारखे असून त्यात पाणी साठवलेले आहे, आणि पाने नसली की ते पाणी जपून खर्च होते. याच मऊपणामुळे लोकांना खोडावर नावे कोरण्याचा मोह होतो. ‘हे नाव कोणाचे?’ असे मुलांना विचारायला लावणारे वाक्य मी घातले होते. मित्रांनी ते काढायला लावले. एकाचे कोरलेले नाव दाखवले की दुसऱ्याला जागा सुचते, हे त्यांचे म्हणणे पटले.

नावांवरून आठवले. ‘समोर अशोक आहे’ असे नुसते म्हटले, तर दहातले नऊ जण सोसायटीच्या भिंतीला लागून उभे असते ते उंच, निमुळते झाड शोधू लागतात. तो आसुपालव. सीतेचा अशोक निराळा: बुटका, पसरट, आणि थंडीच्या शेवटी फांदीलाच चिकटून शेंदरी गुच्छ येणारा. हा खुलासा पहिल्या दोन वाक्यांतच करावा लागतो. नाहीतर उरलेला मजकूर ऐकताना माणूस मनात वाद घालत राहतो. उर्वशीची अडचण वेगळी. लांब देठाची तिची लाल-पिवळी फुले हिवाळ्याच्या अखेरीपासून पुढे येतात, आणि तेवढ्यासाठी लोक मुद्दाम येतात. पण एरवी आलेल्याला दाखवण्यासारखे तिच्याजवळ आणखी काही आहे: तिची कोवळी पाने. जन्मताच ती जांभळट तपकिरी आणि इतकी लुळी असतात की धुऊन वाळत घातलेल्या रुमालांसारखी फांदीवरून लोंबतात. हळूहळू त्यांत ताठपणा येतो आणि ती हिरवी होतात. फुलांच्या शोधात आलेल्याला मी आधी हे रुमाल शोधायला लावतो.

दर दोन महिन्यांनी शेपटे बदलायची म्हणून सगळी वाट पुन्हा चालावी लागते, आणि हा नेम फार उपयोगाचा ठरतो. पाटीसमोर झुडूप वाढलेले असते, कोठे फांदी छाटलेली असते, कोठे ‘हात लावून पाहा’ म्हटलेल्या खोडाभोवती कुंपण आलेले असते. कोणताही थांबा दुसऱ्यावर अवलंबून ठेवलेला नाही, तोही याचसाठी. ‘मघाशी पाहिलेल्या झाडाप्रमाणे’ असे एकही वाक्य नाही. लोक कोठूनही सुरुवात करतात, आणि ‘मघाशी पाहिलेले झाड’ पुढच्या वेळी असेलच असेही नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले आणि शहरातली शेकडो झाडे एका दिवसात आडवी झाली. अशा वेळी सगळ्यांत सोपे म्हणजे तो क्रमांक पुसून टाकणे. आम्ही ठरवले आहे ते असे: वाटेवरचे झाड पडले, तर त्याचा थांबा एक वर्ष, म्हणजे सहा शेपटांइतका काळ, तसाच ठेवायचा. त्यासाठी मजकूरही लिहून ठेवला आहे. तो अजून वाजवावा लागलेला नाही.

‘पाटीजवळ उभे राहा. येथे एक झाड होते. वर पाहा: आजूबाजूच्या फांद्यांमध्ये आकाशाचा एक मोकळा तुकडा दिसेल. तेवढे त्याचे घर होते. आता खाली पाहा. जेथे ऊन पोचत नव्हते तेथे ते पोचले आहे, आणि त्या उन्हात काहीतरी उगवू लागले आहे. काय आहे ते ओळखता आले तर पाहा.’